आगळाची एक बाटली, दोन हिशेब

प्रश्न: आम्ही वेंगुर्ल्याजवळच्या गावात घरीच कोकमाचं आगळ, म्हणजे रातांब्यांचा मीठ घातलेला दाट रस, करतो. मे महिन्यात अर्ध्या लिटरच्या ६०० बाटल्या भरतो. बाटलीला ८० रुपये खर्च येतो, त्यावर २५ टक्के धरून १०० ला देतो. पुण्याचा भाचा म्हणतो, "मावशी, खर्च कसला बघतेस, गिऱ्हाईक काय द्यायला तयार आहे ते बघ. इकडे ही दोनशेला जाईल." माझे यजमान म्हणतात, ते लुबाडणं होईल. भाव नक्की काढायचा कसा? खर्चाची वही सोबत पाठवते आहे.

उत्तर:

ताई, आधी वहीकडे वळतो, कारण भाचा आणि यजमान यांचं भांडण ज्या ८० रुपयांवरून चाललंय ते ८० च बरोबर नाहीत.

तुम्ही लिहिलंय ते असं: विकतचे रातांबे ५०० किलो, ३० रुपयांनी १५,००० रुपये. मीठ १,१००. बाटली, बूच, लेबल आणि खोका मिळून नगाला १५, म्हणजे ९,०००. कामाला येणाऱ्या बायकांची मजुरी ४०० रुपये रोजाने ३५ रोज, १४,०००. वाहतूक २,९००. पिंपं, गाळायची कापडं, अन्नसुरक्षेची नोंदणी, तपासणी या सगळ्याचा या हंगामाच्या वाट्याचा खर्च ६,०००. बेरीज ४८,०००, भागिले ६००, बरोबर ८०. बेरजेत चूक नाही. बाटलीला जीएसटीसकट जे पैसे पडले तेच तुम्ही धरलेत, तेही योग्यच. तुमची जीएसटी नोंदणी नाही, तेव्हा बाटलीवर भरलेला कर कुठून परत मिळत नाही, तो खर्चातच जातो.

पण वहीत तीन गोष्टी नाहीत. तुम्ही लिहिता की घरच्या झाडांचे १०० किलो रातांबेही त्यात जातात, आणि त्यांची किंमत शून्य धरली आहे. ते रातांबे तुम्ही दारात आलेल्या व्यापाऱ्याला ३० ने विकू शकला असता, म्हणून ते ३,००० रुपये आगळाने तुमच्याकडून घेतले असं लिहायचं. दुसरी गोष्ट तुमची दोघांची स्वतःची मेहनत. फोडणं, पिंप रोज ढवळणं, गाळणं, भरणं असे दोघांचे मिळून २० दिवस तुम्ही सांगता. ते ५०० ने धरले तर १०,०००. तिसरी गोष्ट फुटकी, गळकी, बूच उडालेली, फसफसलेली बाटली. ६०० भरता, पण पैसे ५७० चेच येतात. हे नुकसान टक्क्याने वर चढवायचं नसतं. एकूण खर्चाला विकल्या गेलेल्या बाटल्यांनी भागायचं.

आता ६१,००० भागिले ५७०. एक बाटली १०७ रुपयांना पडते.

म्हणजे १०० ला विकून सगळ्या हंगामाचे ५७,००० हातात येतात आणि ४,००० कमी पडतात. ते कमी पडलेले कुणाच्या लक्षात येत नाहीत, कारण ते तुमच्या दोघांच्या मजुरीतून जातात. १०,००० च्या जागी ६,००० उरले, वीस दिवसांचे. तुमच्या हाताखाली काम करणारीला ४०० रुपये रोज पडतो आणि मालकिणीला ३००. घरगुती उद्योगांच्या वह्यांमध्ये मला हे नेहमी दिसतं, आणि "नफा होतोय" असं वाटत असतानाच दिसतं. (रातांब्याच्या बिया सुकवून विकत असाल तर ते पैसे यातून वजा करा. तुम्ही लिहिले नाहीत म्हणून मी धरले नाहीत.)

या १०७ वर २५ टक्के चढवले की १३४ होतात. खर्चावर आधारित भाव म्हणतात तो हा, आणि तो तुमच्या अंगणातल्या विक्रीचा भाव आहे. कुडाळच्या दुकानदाराला ठेवायला दिलीत आणि तो छापील किमतीवर २५ टक्के मागत असेल, तर १३४ मध्ये २५ टक्के मिळवून १६८ छापून चालत नाही. १६८ चे २५ टक्के म्हणजे ४२ त्याने कापले की तुमच्या हाती १२६ येतात. छापील किमतीतले ७५ टक्के म्हणजे १३४ हवेत, म्हणून १३४ भागिले ०.७५, म्हणजे साधारण १८०. वरून चढवलेले टक्के आणि आतून कापलेले टक्के सारखे नसतात. दुकानदाराशी बोलताना तो कोणते टक्के म्हणतोय हे आधीच विचारून घ्या.

तर नुसत्या खर्चाच्या रस्त्याने गेलं तरी तुमची बाटली १०० ची नाही. भाच्याचं ऐकायच्या आधीच ३४ रुपये सापडले.

आता या पद्धतीची अडचण कुठे आहे ते बघू. वळीव लवकर आला की झाडावरचे रातांबे खराब होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. असं वर्ष धरा: ३०० च बाटल्या भरल्या आणि रातांबे ३० ऐवजी ४५ ने घ्यावे लागले. फळं १३,५००, मीठ ५५०, बाटल्या ४,५००, मजुरी ७,०००, वाहतूक १,४५०. पिंपं-नोंदणीचे ६,००० तेवढेच राहिले. तुमची मेहनत निम्मी होत नाही, कारण पिंपात माल कमी असला तरी ढवळायला रोज उठावंच लागतं, तेव्हा ती ७,००० धरू. एकूण ४०,०००. हाती आलेल्या २८५ बाटल्या. एक पडली १४० ला, आणि २५ टक्क्यांनी भाव झाला १७५.

गेल्या वर्षी १३४, या वर्षी १७५, आणि बाटलीतलं आगळ तेच. गिऱ्हाइकाला त्यात काडीचाही फरक दिसत नाही. तो १७५ देईल की नाही हे तुमच्या पिंपांच्या खर्चावर ठरत नाही. उलट भरघोस वर्षी खर्च उतरतो, मग तुम्ही भाव उतरवता, आणि ज्याने आनंदाने १३४ दिले असते त्यालाही स्वस्तात देता. शिवाय २५ टक्केच का, याला उत्तर नाही. शेजारचे लावतात म्हणून आपण लावतो, एवढंच. खर्चाचा हिशेब एक गोष्ट मात्र पक्की सांगतो: कितीच्या खाली विकलं तर घरचं जातं. तेवढ्यासाठी तो सोडायचा नाही.

भाचा सांगतोय ते मूल्यावर आधारित भावाचं म्हणणं आहे. पण "गिऱ्हाईक काय द्यायला तयार आहे" हे त्याच्या तोंडाकडे बघून ठरत नाही, त्याचाही हिशेब करावा लागतो. तुमची बाटली नसती तर या माणसाने काय वापरलं असतं, आणि त्याला ते कितीला पडलं असतं, इथून सुरुवात. त्यात तुमच्या बाटलीने त्याचं जे वाचतं किंवा वाढतं ते रुपयांत मिळवायचं, आणि तुमच्या बाटलीमुळे त्याला जो त्रास होतो तो वजा करायचा. राहील तो आकडा त्याच्या दृष्टीने वरची हद्द. त्याच्या वर तो जाणार नाही, आणि अगदी त्या हद्दीवर भाव ठेवला तर त्याला नेहमीचं सोडून तुमच्याकडे यायला कारण उरत नाही.

हा हिशेब गिऱ्हाइकागणिक निराळा येतो. मालवणातली एक खानावळ घेऊ, कारण तिथे सगळं रुपयांत मांडता येतं.

या खानावळीत सध्या आमसुलं भिजत घालून सोलकढी करतात. तुमचं दाट आगळ ग्लासाला साधारण १२ मिली लागतं, म्हणजे एका बाटलीत ४० ग्लास. तेवढ्या ग्लासांना त्याला पाव किलो आमसुलं लागतात, ३२० रुपये किलोने ८० रुपयांची. हा त्याचा आजचा खर्च, इथून मोजायला लागायचं. आमसुलं भिजवणं, कुस्करणं, गाळणं यात पोऱ्याचा अर्धा तास जातो. त्याचा रोज ४५० आणि काम नऊ तासांचं, तर अर्ध्या तासाचे २५ रुपये. आमसुलं जुनी निघाली की रंग मळका येतो, आणि ४० मधले दोन ग्लास ओतून द्यावे लागतात असं मालक सांगतो. ग्लासात नारळ साधारण ९ रुपयांचा, म्हणजे १८ रुपये वाचले. इथवर १२३. आता वजाबाकी. तुमच्या आगळात मीठ भरपूर, आचाऱ्याचा हात बसेपर्यंत काही वेळा कढी खारट होणार, त्याचे १० धरू. आमसुलांचा व्यापारी महिन्याची उधारी देतो, तुम्ही रोख मागता, त्याचे ३. उरले ११०.

११० म्हणजे तुमच्या १३४ च्या खाली. मूल्याचा हिशेब केला की भाव वाढतोच, असं भाच्याला वाटत असेल तर त्याला ही खानावळ दाखवा. या माणसाला तुमची बाटली १३४ ला घेण्याचं काही कारणच नाही, आणि तो घासाघीस करतो तेव्हा तो चिकट नसतो, त्याचा हिशेब बरोबर असतो. पाच लिटरच्या कॅनमध्ये दिलंत तर गोष्ट थोडी बदलते. बाटली, लेबल आणि खोक्याचे साधारण १६ रुपये गेले की अर्धा लिटर आगळ ९१ ला पडतं. दहा अर्धे लिटर ९१०, कॅन ५० चा, म्हणजे ९६०. त्याच्या दृष्टीने या कॅनची हद्द १,१००. मधले १४० दोघांत वाटायचे, तेव्हा १,०३० म्हणा. तुम्हाला कॅनमागे ७० सुटतात. फार नाहीत, पण तोटा नाही.

यात एक जागा कच्ची आहे, ती म्हणजे पोऱ्याचा अर्धा तास. दुपारी चारला तो रिकामाच बसलेला असेल तर त्याचा वेळ वाचवून मालकाचा एक रुपयाही वाचत नाही. मग ते २५ काढून टाका, हद्द ८५ वर येते, आणि कॅननेसुद्धा परवडत नाही. म्हणून मालकाला "वेळ वाचेल का" असं विचारू नका, तो हो म्हणेल. त्या वाचलेल्या वेळात पोऱ्या काय करेल ते विचारा. सीझनला ज्याच्याकडे पर्यटकांची रांग लागते तो लगेच काम सांगेल. गावातली शांत खानावळ सांगू शकणार नाही, आणि तिथे आपला माल न्यायचा नाही.

आता पुणं. तिथे आगळ पोचवायचं तर ट्रॅव्हल्सने खोका पाठवायला बाटलीमागे १३ रुपये आणि भाच्याला त्याच्या खटपटीचे २०. त्याला फुकट राबवू नका. या वर्षी नात्यात करेल, पुढच्या वर्षी त्याची नोकरी बदलली की तुमचा भाव कोसळेल. १०७ मध्ये ३३ मिळवून बाटली पुण्यात १४० ला पडते. खर्चाच्या पद्धतीने भाव निघतो १७५.

मूल्याच्या पद्धतीने सुरुवात फळीवरच्या बाटलीपासून. भाच्याला सांगा, त्याच्या भागातल्या दुकानात अर्ध्या लिटरचं आगळ कितीला आहे ते बघून एक बाटली विकत आणायची. हिशेबापुरती ती १६० ची धरू. आता तिची आणि तुमची कढी एकाच नारळाच्या दुधात, एकाच चवीला येईपर्यंत करून बघा, आणि किती आगळ लागलं ते मापाने लिहा. समजा तिला ग्लासाला जास्त लागलं आणि बाटलीत ३० च ग्लास झाले. म्हणजे त्या घराला आज ग्लासाला ५ रुपये ३३ पैशांचं आगळ पडतं. तुमच्या बाटलीत ४० ग्लास आहेत, त्यांचे झाले २१३. तुमच्या बाटलीची तुलना १६० शी नाही, २१३ शी आहे. उलटंही होऊ शकतं: दुकानातली बाटली तुमच्याइतकीच दाट निघाली तर हे ५३ रुपये हवेत गेले, आणि भाच्याच्या दोनशेला आधार राहिला नाही. म्हणून ही चाचणी भाव ठरवायच्या आधी करायची.

या २१३ मधून वजा काय होतं ते प्रामाणिकपणे बघा. तुमचं नाव तिकडे कुणाला माहीत नाही. दुकानातली बाटली आत्ता मिळते, तुमच्यासाठी भाच्याच्या संदेशाची वाट बघावी लागते. बूच गळलं तर परत कुणाला द्यायची हा प्रश्न असतो. याचे मी १५ ते २० रुपये धरीन. "गावचं", "घरचं" यासाठी वर किती मिळवायचं? मी काहीच मिळवणार नाही, निदान पहिल्या वर्षी. असं प्रत्येक लेबल म्हणतं, त्यामुळे त्याचे पैसे कुणी वेगळे मोजत नाही. हद्द साधारण १९५ ते २०० च्या आसपास येते. पुण्यातली मूळ वेंगुर्ल्या-सावंतवाडीची कुटुंबं, ज्यांना दाट आगळ म्हणजे काय हे जिभेने ठाऊक आहे, ती थोडी वर जातील. बाकीच्यांना १८५ च्या वर जड वाटेल.

दाटपणाचे पैसे मिळवायचे तर दाटपणा विकत घेण्याआधी कळायला हवा. बाटल्या शेजारी ठेवल्या तर दोन्ही लालच दिसतात. म्हणून लेबलवर ठळक लिहा की यात सोलकढीचे ४० ग्लास होतात आणि ग्लासाला अडीच चहाचे चमचे पुरतात. "नैसर्गिक", "पारंपरिक" या शब्दांना जी जागा दिलीत तिथे हे लिहा. रंग घातलेला नाही हे दाखवायचं असेल तर भाच्याने ओळखीच्या घरी एक प्रयोग करावा: चमचाभर आगळ पाण्यात घालून त्यात खायचा सोडा टाकत जायचा. आधी फेस येतो, कारण आगळ चांगलंच आंबट असतं. आंबटपणा मोडला की लाल रंग जाऊन जांभळट-काळपट होतो. कोकमाचा स्वतःचा रंग असाच बदलतो, पुष्कळसे कृत्रिम लाल रंग तसे बदलत नाहीत. पण यातून बाटलीत कोकम आहे एवढंच कळतं. वरून थोडा रंग मिसळला नाही याचा हा पुरावा नाही, तेव्हा तसा दावा करू नका. तो करायचा तर प्रयोगशाळेचा दाखला हवा.

हद्द कागदावर काढली, आता ती खरी आहे का हे बघायचं. "तुम्ही याचे किती द्याल?" असं ओळखीच्यांना विचारू नका. तुमच्यासमोर कुणी खरं बोलत नाही, आणि बोलला तरी खिशात हात घालताना आकडा बदलतो. डच अर्थतज्ज्ञ पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्प यांनी १९७६ मध्ये चार प्रश्नांची एक पद्धत मांडली: किती किंमत असेल तर स्वस्त म्हणून शंका येईल, किती असेल तर सौदा बरा वाटेल, किती असेल तर महाग वाटेल पण घ्याल, आणि किती असेल तर घेणारच नाही. चाळीसेक अनोळखी लोकांना विचारलं तर भावाची पट्टी कळते. पण त्यातून मिळतं ते मत. विक्री ती नव्हे. तुमच्या मोजक्या बाटल्यांना सरळ विकून बघणं जास्त सोपं आहे: सारख्याच दोन सोसायट्या निवडायच्या, एकीत १८०, दुसरीत २१०, दोन्हीकडे एकाच दिवशी एकच संदेश.

निकाल वाचायचा कसा, इथे बहुतेक जण घसरतात. २१० ला कमी बाटल्या गेल्या म्हणजे २१० चूक, असं नाही. १८० ला तुम्हाला बाटलीमागे ४० सुटतात, २१० ला ७०. १८० ला शंभर बाटल्या जात असतील तर तेवढाच नफा २१० ला ५७ बाटल्यांत येतो. म्हणजे शंभरातली ४३ गिऱ्हाइकं गेली तरी तुम्ही तिथेच.

पण हा ४३ चा आकडा तेव्हाच खरा, जेव्हा त्या न गेलेल्या ४३ बाटल्या तुम्ही भरलेल्याच नसतात, किंवा दुसरीकडे पूर्ण खर्च निघेल अशा भावाला जातात. म्हणजे एप्रिलमध्ये, रातांबे घ्यायच्या आधी, बेत करताना. जूनमध्ये बाटल्या भरून माळ्यावर बसल्या की १०७ खर्च होऊन गेलेले असतात. मग पाठवायचे आणि भाच्याचे ३३ तेवढे वाचू शकतात. तेव्हा १८० ला बाटलीमागे १४७ हाती येतात आणि २१० ला १७७. या हिशेबाने शंभरातली फक्त १७ गिऱ्हाइकं गमावून चालेल. तोच भाव, तेच गिऱ्हाईक, पण एप्रिलमधलं उत्तर ४३ आणि जूनमधलं १७. म्हणून भाव चढवायचा निर्णय हंगामाआधी घ्यायचा आणि रातांबे त्या बेताने घ्यायचे. आधी ६०० भरून मग "आता दोनशेला विकू" म्हणणाऱ्याला फेब्रुवारीत काळवंडलेला माल हातघाईवर काढावा लागतो.

छापील किमतीचाही एक अडसर आहे. एकाच मालाच्या, एकाच मापाच्या, एकसारख्या बाटल्यांवर दोन वेगवेगळ्या एमआरपी छापता येत नाहीत. २०१८ पासून तसा नियम आहे. छापील किमतीपेक्षा कमीत विकायला मात्र आडकाठी नाही. तेव्हा चाचणीसाठी सगळ्यांवर २१० छापा आणि एका सोसायटीत १८० ला द्या. त्या सोसायटीला ३० रुपये सूट मिळाल्यासारखं वाटेल, त्यामुळे १८० चा आकडा थोडा फुगून येईल हे ध्यानात ठेवा. तरीही २१० तग धरून राहिला तर तो खरोखर पक्का समजा.

मग गावात काय? तिथे गिऱ्हाइकाचा दुसरा पर्याय म्हणजे त्याच्याच काकूचं आगळ किंवा घरातली आमसुलं, तेव्हा १३४ सुद्धा जड जाईल. गावात बाटली विकूच नका. घरून बाटली घेऊन येईल त्याला पिंपातून सुटं मोजून द्या. ९१ चा माल, २५ टक्के धरून ११५ ला अर्धा लिटर. गणपतीला आलेला चाकरमानी म्हणेल, "पुण्यात २१० आणि इथे ११५?" त्यालाही ११५ लाच द्या. त्याने बाटली आणली, पिशवीतून नेणार तोच, वाटेत गळलं तर त्याचंच. तुमचा तेवढा खर्च खरोखर वाचलेला असतो, त्यामुळे हा फरक कुणाच्याही तोंडावर सांगता येतो. जिथे भावातला फरक गिऱ्हाइकाला समजावून सांगता येत नाही, तिथे तो टिकत नाही.

यजमानांच्या शंकेबद्दल एवढंच म्हणेन. ज्या घराला ४० ग्लासांचे आज २१३ पडतात, त्याला तुम्ही १९५ ला दिलंत तर त्याचे १८ रुपये वाचले. लुबाडणं तेव्हा होईल, जेव्हा तुम्ही आगळात पाणी घालाल आणि लेबलवर ४० ग्लास तसेच ठेवाल.

आणखी एक, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंय की शेजारणी स्वतःचे रातांबे आणून देतात आणि तुम्ही त्यांना आगळ करून देता. तिथे मूल्य-बिल्य काढत बसू नका. मीठ, मजुरी, पिंपाचा वाटा आणि वर २५ टक्के, हाच भाव योग्य. माल त्यांचा, विक्रीची जोखीम त्यांची, तुम्ही फक्त काम करता. अशा कामाला खर्चाची पद्धत चपखल बसते.

येत्या मे महिन्यासाठी माझं मत असं. रातांबे तेवढेच घ्या, पण बाटल्या ६०० आणू नका, २५० आणा. त्यातल्या १८० बाटल्या पुण्याला, निम्म्या १८० रुपयांना आणि निम्म्या २१० रुपयांना. बाकीचं आगळ पिंपात ठेवा, गावात सुटं द्या, आणि ज्या खानावळीचा पोऱ्या खरोखर कामात असतो तिला कॅन द्या. उरलेल्या बाटल्यांतल्या पन्नास अंधाऱ्या, थंड खोलीत मार्चपर्यंत दाबून ठेवा. उजेडात आणि उष्णतेत आगळाचा रंग विटतो, म्हणून खिडकीजवळची फळी नको. मार्चमध्ये उन्हाळा सुरू होतो, सोलकढीची आठवण सगळ्यांना होते आणि नवं आगळ यायला अजून दोन महिने असतात. त्या पन्नास बाटल्या २१० ला किती दिवसांत जातात ते लिहून ठेवा. आठवड्याच्या आत संपल्या तर पुढच्या वर्षी छापायचा आकडा २१० पेक्षा वरचा असेल.